तळ्याच्या पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन: मोजायचा कसा आणि अहवालात वाचायचा कसा

पर्यावरण प्रकल्पांच्या अहवालांत तळ्याच्या पाण्याबद्दल एक ठरलेले वाक्य असते: ‘विरघळलेला ऑक्सिजन ८.४ मिलिग्रॅम प्रतिलिटर आढळला, म्हणजे पाणी चांगले आहे.’ नमुना किती वाजता घेतला, पाण्याचे तापमान किती होते, तळे समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहे, यांपैकी काहीच सांगितलेले नसते. या तीन गोष्टी कळल्याशिवाय ८.४ या आकड्यातून कोणताही निष्कर्ष निघत नाही. हिरव्यागार, सांडपाणी मिसळणाऱ्या तळ्यातही भर दुपारी हा आकडा सहज मिळतो, आणि त्याच तळ्यात पहाटे मासे वर येऊन तोंड उघडत असतात.

म्हणून इथे दोन गोष्टी पाहू. पहिली, विंकलर पद्धतीने ऑक्सिजन नेमका मोजणे. दुसरी, आलेल्या आकड्यात तापमानाचा वाटा किती आणि सेंद्रिय प्रदूषणाचा किती, हे वेगळे करणे. विरघळलेला ऑक्सिजन थेट दाखवणारा डीओ मीटर हाताशी असला तरी विंकलर यायलाच हवी, कारण मीटर बरोबर दाखवतो की नाही हे शेवटी तिच्यावरच ताडून पाहतात. भारतीय मानकांमध्ये ही पद्धत आयएस ३०२५, भाग ३८ मध्ये दिली आहे.

पद्धतीचा गाभा

लायोश विंकलर या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाने ही पद्धत १८८८ साली मांडली. पाण्यात मँगनस सल्फेट आणि भरपूर अल्कली घातली की मँगनस हायड्रॉक्साइडचा पांढरा साका तयार होतो. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तो लगेच या साक्याला धरतो आणि साका तपकिरी होतो. म्हणजे ऑक्सिजन बाटलीतच बांधला गेला. नंतर आम्ल घातले की साका विरघळतो, आणि जितका ऑक्सिजन बांधला गेला होता तितक्या प्रमाणात आयोडाइडमधून आयोडीन सुटते. ते आयोडीन सोडियम थायोसल्फेटने, म्हणजे प्रयोगशाळेच्या भाषेत हायपोने, मोजायचे.

मूळ पद्धतीत एक अडचण होती. सांडपाणी मिसळलेल्या पाण्यात नायट्राइट असते आणि तेही आयोडाइडमधून आयोडीन सोडवते, त्यामुळे ऑक्सिजन खोटाच जास्त दिसतो. सोडियम अझाइड घातले की नायट्राइट नष्ट होते. गावतळ्यासाठी अझाइड असलेलीच पद्धत वापरावी.

द्रावणे

मँगनस सल्फेटचे द्रावण: मोनोहायड्रेट स्वरूपातले ३६४ ग्रॅम मीठ ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवून, गाळून, एक लिटर करायचे. बाटलीवरचे लेबल नीट वाचा. टेट्राहायड्रेट असेल तर ४८० ग्रॅम लागते.

अल्कली-आयोडाइड-अझाइड: ५०० ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड आणि १३५ ग्रॅम सोडियम आयोडाइड (किंवा १५० ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड) पाण्यात विरघळवून एक लिटर करायचे आणि थंड झाल्यावर त्यात ४० मिलि पाण्यात विरघळवलेले १० ग्रॅम सोडियम अझाइड मिसळायचे. सोडियम हायड्रॉक्साइड विरघळताना भांडे हाताला चटका बसेल इतके तापते. म्हणून ते थोडे थोडे घालावे आणि भांडे थंड पाण्यात ठेवावे.

हायपो, ०.०२५ नॉर्मल: ६.२०५ ग्रॅम सोडियम थायोसल्फेट पेंटाहायड्रेट, उकळून थंड केलेल्या पाण्यात, ०.४ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड घालून एक लिटर. याशिवाय संहत सल्फ्युरिक आम्ल लागते आणि स्टार्च: १०० मिलि गरम पाण्यात २ ग्रॅम विरघळणारा स्टार्च, टिकण्यासाठी त्यात ०.२ ग्रॅम सॅलिसिलिक आम्ल.

अझाइडबद्दल दोन गोष्टी कडकपणे पाळा. ते विषारी आहे, आणि त्याच्या साठ्याच्या द्रावणात आम्ल पडले तर हायड्रॅझोइक आम्लाचा घातक वायू सुटतो. म्हणून ही बाटली आणि आम्लाची बाटली शेजारी ठेवू नयेत आणि दोन्हींना एकच पिपेट कधीही वापरू नये. दुसरे, अझाइडचे उरलेले द्रावण बेसिनमध्ये ओतू नये. तांब्याच्या किंवा शिशाच्या नळांत त्याचे स्फोटक क्षार साठतात. वेगळ्या, लेबल लावलेल्या बाटलीत ते जमा करून प्रयोगशाळेच्या रासायनिक कचऱ्यातच द्यावे. हातमोजे आणि चष्मा तळ्यावरही लागतातच.

हायपो बनवल्याबरोबर आणि नंतर दर आठवड्याला त्याची खरी तीव्रता तपासावी लागते, कारण ते हळूहळू उतरते. १.२२६ ग्रॅम वाळवलेले पोटॅशियम डायक्रोमेट एक लिटरमध्ये विरघळवले की बरोबर ०.०२५ नॉर्मल द्रावण मिळते. त्यातले २० मिलि घ्या, त्यात सुमारे १०० मिलि पाणी, २ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड आणि थोडे विरल सल्फ्युरिक आम्ल घालून ५ मिनिटे अंधारात ठेवा, मग पाणी घालून २०० मिलिपर्यंत आणा आणि शेवटाजवळ स्टार्च घालून हायपोने टायट्रेट करा. इथे शेवट रंगहीन होत नाही. निळा रंग जाऊन फिकट हिरवा उरतो, तो क्रोमियमचा. तो घालवायच्या नादात पुढे हायपो सोडत राहू नका. २० ऐवजी २१ मिलि हायपो लागले तर त्याची तीव्रता ०.०२५ × २० ÷ २१, म्हणजे ०.०२३८ नॉर्मल. पुढचे प्रत्येक वाचन ०.९५२ ने गुणायचे.

नमुना घेणे

सगळ्यात मोठ्या चुका इथे होतात. बादलीने पाणी काढून बाटलीत ओतले की हवा मिसळते. पाण्यात ऑक्सिजन कमी असेल तर तो वाढतो, आणि दुपारच्या अतिसंपृक्त, म्हणजे मावतो त्यापेक्षा जास्त ऑक्सिजन असलेल्या, पाण्यात तो उलट निघून जातो. चूक दोन्ही दिशांना होते आणि ती नंतर दुरुस्त करता येत नाही.

३०० मिलिची, काचेच्या तिरक्या बुचाची बीओडी बाटली वापरावी. ती बाटली आत बसेल असा दोन-अडीच लिटरचा रुंद तोंडाचा डबा घ्या आणि त्याच्या झाकणाला दोन नळ्या बसवा. एक नळी बाहेरून आत येऊन बाटलीच्या तळापर्यंत जाते. दुसरी झाकणाच्या वरच राहते आणि हवा बाहेर सोडते. डब्याला वजन आणि मीटरच्या खुणा केलेली दोरी बांधा. आत येणाऱ्या नळीला बूच लावून डबा हव्या त्या खोलीवर सोडा आणि वेगळ्या दोरीने बूच ओढा. पाणी बाटलीच्या तळातून वर चढते, बाटली भरून डब्यात सांडत राहते, आणि डबा भरेपर्यंत बाटलीतले पाणी अनेकदा बदललेले असते. हवेला लागलेले पहिले पाणी असे आपोआप बाहेर जाते. वर बुडबुडे यायचे थांबले की डबा भरला. हलक्या हाताने तो वर काढा, बाटलीचे बूच तिरके सरकवत लावा, आणि बाटली उलटी करून बुचाखाली बुडबुडा अडकला आहे का ते पाहा. अडकला असेल तर नमुना टाकून द्या.

पृष्ठभागाचा नमुना म्हणजे अगदी वरची साय नव्हे. २० ते ३० सेंटिमीटर खालचे पाणी घ्यावे. पाण्यात उतरून नमुना घेत असाल तर पायाने ढवळलेला गाळ मागे राहील अशा बेताने पुढे हात लांबवावा.

तापमान त्याच जागी, त्याच खोलीवर, त्याच क्षणी नोंदवा. थर्मामीटर पाण्यातून बाहेर काढून वाचला तर वाऱ्याने त्याचा पारा अर्धा-एक अंश उतरतो. तो पाण्यात असतानाच वाचावा, किंवा डब्यातल्या उरलेल्या पाण्यात लगेच बुडवून.

ऑक्सिजन बांधणे: हे काम तळ्याच्या काठावरच

बाटली बंद करून प्रयोगशाळेत नेऊ आणि तिथे द्रावणे घालू, हा विचार सोडून द्या. बाटलीत जिवाणू आणि शेवाळ दोन्ही जिवंत असतात. उन्हात ठेवलेल्या बाटलीत ऑक्सिजन वाढतो, अंधारात कमी होतो. नाल्याच्या तोंडाजवळचा नमुना तर दोन तासांत शून्यावर येऊ शकतो.

बूच काढून पिपेटचे टोक पाण्याच्या किंचित खाली धरा आणि १ मिलि मँगनस सल्फेट सोडा. लगेच दुसऱ्या पिपेटने तसेच १ मिलि अल्कली-आयोडाइड-अझाइड सोडा. टोक नमुन्यात बुडाले असल्याने पिपेट धुतल्याशिवाय साठ्याच्या बाटलीत परत घालू नका. बूच लावताना थोडे पाणी बाहेर सांडेल, ते सांडू द्यावे. मग बाटली पंधरा-वीस वेळा उलटी-सुलटी करा.

आता साक्याचा रंग पाहा. गडद तपकिरी म्हणजे भरपूर ऑक्सिजन, फिकट मातकट म्हणजे थोडा, पांढराच राहिला तर जवळजवळ शून्य. नाल्याच्या तोंडाशी पांढरा आला आणि तळ्याच्या मध्यभागी तपकिरी, तर टायट्रेशनच्या आधीच पुष्कळ काही कळले. मात्र सगळ्याच बाटल्यांत पांढरा येऊ लागला तर आधी द्रावणे तपासा. साधे नळाचे पाणी हवेत चांगले हलवून त्याच द्रावणांनी बांधून पाहावे. तेही पांढरे राहिले तर दोष द्रावणांचा आहे.

साका बाटलीच्या अर्ध्यापर्यंत खाली बसला की पुन्हा एकदा उलटी-सुलटी करून परत बसू द्या. हा दुसरा फेरा वगळू नये, कारण वरच्या नितळ पाण्यातला उरलासुरला ऑक्सिजन त्यातच पकडला जातो. मग १ मिलि संहत सल्फ्युरिक आम्ल बाटलीच्या मानेवरून आत सोडा, बूच लावा आणि साका पूर्ण विरघळेपर्यंत हलवा. द्रावण पिवळसर-तपकिरी, नितळ व्हायला हवे. काळे-तपकिरी कण उरले तर आम्ल कमी पडले आहे, थोडे आणखी घाला.

बांधलेली बाटली, मानेभोवती पाणी ठेवून, अंधारात आणि थंड जागी ठेवली तर आठ तासांच्या आत टायट्रेट करता येते. आम्ल मात्र टायट्रेशनच्या थोडेच आधी घालणे बरे. सेंद्रिय पदार्थ जास्त असलेल्या पाण्यात आम्लानंतर सुटलेले आयोडीन हळूहळू खर्च होत राहते आणि आकडा खरा असेल त्यापेक्षा कमी येतो.

टायट्रेशन

मोजपात्राने २०१ मिलि घ्या. मूळ पाण्याचे २०० मिलि हवे असतात. पण दोन द्रावणे घालताना ३०० मिलिच्या बाटलीतले २ मिलि पाणी बाहेर गेले, म्हणून २०० × ३०० ÷ २९८, म्हणजे २०१. द्रावणे प्रत्येकी २ मिलि घालत असाल तर २०३ मिलि घ्यावे लागते. ०.०२५ नॉर्मल हायपो असताना जितके मिलि हायपो लागले तितकेच मिलिग्रॅम प्रतिलिटर ऑक्सिजन. २०१ मिलि हा आकडा निवडण्यामागचे सगळे कारण या सोयीत आहे.

हायपो सोडत रंग फिकट गवती होईपर्यंत या, मग एक-दोन मिलि स्टार्च घाला आणि निळा रंग जाईपर्यंत थेंबाथेंबाने पुढे जा. स्टार्च सुरुवातीलाच घातला तर गडद निळा-काळा गोळा होतो, आयोडीन त्यात अडकते आणि शेवट लांबतो. निळा रंग एकदा गेला की तिथे थांबायचे. काही मिनिटांनी तो परत येतो, पण ते हवेतल्या ऑक्सिजनमुळे किंवा उरलेल्या नायट्राइटमुळे. तो पुन्हा घालवायला जाऊ नका. सेकंदभरातच परत येत असेल तर मात्र अझाइड जुने झाले आहे असे समजावे.

प्रत्येक जागेच्या दोन बाटल्या घ्या. दोघींत ०.२ मिलिग्रॅमपेक्षा जास्त फरक आला तर सरासरी काढू नका. नमुना पुन्हा घ्या.

मीटरबद्दल थोडक्यात. पडद्याचा इलेक्ट्रोड स्वतःच ऑक्सिजन खातो, म्हणून स्थिर पाण्यात तो नुसता धरला तर आकडा उतरत जातो. तो हलवत राहावा लागतो. प्रकाशीय इलेक्ट्रोडला ही अडचण नाही. दोन्हींचे कॅलिब्रेशन ओलसर हवेत करताना त्या जागेचा हवेचा दाब किंवा उंची मीटरमध्ये भरलेली असावी. मीटरवरचे टक्के आणि मिलिग्रॅम ही दोन्ही वाचने नोंदवा.

तापमानाचा वाटा वेगळा काढणे

हवेशी समतोल साधलेल्या गोड्या पाण्यात, समुद्रसपाटीला, ऑक्सिजन इतका मावतो:

| तापमान (°से) | संपृक्तता (मिग्रॅ/लि) |
|---|---|
| २० | ९.०९ |
| २२ | ८.७४ |
| २४ | ८.४२ |
| २६ | ८.११ |
| २८ | ७.८३ |
| ३० | ७.५६ |
| ३१ | ७.४३ |
| ३२ | ७.३१ |

२० अंशांवरून ३० वर गेलो तर पाण्याची धारणा सतराएक टक्क्यांनी घटते. उंचीही मोजावी लागते. कोकणातल्या तळ्याला तक्ता जसाच्या तसा लागू पडतो, पण पुण्याच्या उंचीवर, सुमारे ५६० मीटरवर, प्रत्येक आकडा ०.९३ ने गुणावा लागतो. ३१ अंशांना तिथे संपृक्तता ७.४ नव्हे, ६.९ असते.

यावरून प्रत्येक नमुन्याचे दोन आकडे काढायचे: संपृक्ततेची टक्केवारी (मोजलेला ऑक्सिजन ÷ त्या तापमानाची संपृक्तता × १००) आणि तूट (संपृक्तता वजा मोजलेला ऑक्सिजन). तापमानामुळे जी घट होते ती संपृक्ततेतच येऊन जाते. त्यानंतर उरलेली तूट तापमानाने समजावता येत नाही. ती पाण्यातल्या श्वसनाची आणि कुजण्याची असते.

तापमानाचा दुसरा परिणाम मात्र तुटीच्या आत दडलेला असतो. उष्ण पाण्यात जिवाणू वेगाने काम करतात. कुजण्याचा वेग दर अंशाला १.०४७ पटीने वाढतो असे साधारण धरतात, म्हणजे २० च्या तुलनेत ३० अंशांना तो सुमारे दीडपट असतो. एप्रिल-मेमध्ये पाण्यात मावणारा ऑक्सिजन कमी आणि त्याची मागणी जास्त, अशी दुहेरी ओढ पडते. म्हणून त्याच सांडपाण्याने हिवाळ्यात जेवढी तूट पडते त्यापेक्षा उन्हाळ्यात मोठी पडते. दोन ऋतूंची तुलना करताना तूट वाढली म्हणून सांडपाणीही वाढले, असे लगेच लिहू नये.

एक उदाहरण पूर्ण सोडवून

पुण्याच्या उंचीवरचे, दोन मीटर खोल गावतळे समजा. उत्तरेकडून वस्तीचा नाला येतो, पाणी हिरवट आहे, महिना एप्रिल. आकडे पद्धत दाखवण्यासाठी घेतलेले आहेत, पण अशा तळ्यात याच धाटणीचे आकडे येतात. नमुने दोन वेळा घेतले: पहाटे पावणेसहाला आणि दुपारी तीनला.

| जागा आणि वेळ | तापमान | ऑक्सिजन | संपृक्तता | टक्के |
|---|---|---|---|---|
| मध्यभाग, पहाटे | २४ | २.९ | ७.८ | ३७ |
| मध्यभाग, दुपारी | ३१ | ११.८ | ६.९ | १७१ |
| नाल्याचे तोंड, पहाटे | २४ | ०.६ | ७.८ | ८ |
| नाल्याचे तोंड, दुपारी | ३१ | ४.१ | ६.९ | ५९ |
| मध्यभाग, १.५ मीटर खोल, दुपारी | २६ | १.२ | ७.५ | १६ |

पहिल्या दोन ओळी पाहा. तापमान ७ अंशांनी वाढले आणि ऑक्सिजनही ८.९ मिलिग्रॅमने वाढला. या आकड्यांचा आलेख काढला तर रेघ वर जाते, आणि पुस्तकात शिकलेले तर उलट असते. इथे अनेकजण गोंधळतात. काही जण ‘तापमान वाढले की ऑक्सिजन वाढतो’ असे लिहून टाकतात, तर काही आकडेच चुकले म्हणून खोडतात. आकडे बरोबर आहेत. तापमानाने या काळात धारणा ०.९ मिलिग्रॅमने घटवली. बाकीची सगळी वाढ शेवाळाच्या प्रकाशसंश्लेषणाची आहे, आणि ऊन व उष्णता बरोबरच वाढत असल्याने दोन्ही एकमेकांत मिसळून दिसतात. तापमानाचा खरा परिणाम पाहायचा असेल तर एकाच वेळेचे, शक्यतो पहाटेचे, निरनिराळ्या महिन्यांतले आकडे शेजारी ठेवावे.

दुपारच्या १७१ टक्क्यांचा अर्थ चांगले पाणी असा नाही. पाणी हवेतून ऑक्सिजन घेऊन १०० टक्क्यांच्या फार पुढे जाऊ शकत नाही. त्यावरचा सगळा ऑक्सिजन दाट शेवाळाने तयार केलेला आहे. तेच शेवाळ रात्री श्वसन करते, जिवाणू चोवीस तास करतात, आणि पहाटे २.९ उरतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत मत्स्यपालनासाठी, म्हणजे ‘ड’ वर्गासाठी, किमान ४ मिलिग्रॅम आणि आंघोळीच्या ‘ब’ वर्गासाठी किमान ५ मिलिग्रॅम लागतात. दुपारच्या आकड्याने हे तळे सर्वोत्तम ‘अ’ वर्गाची ६ मिलिग्रॅमची अट ओलांडते, पहाटेच्या आकड्याने ‘ड’ वर्गातही बसत नाही. माशांना त्याच तळ्यात पहाटही काढावी लागते, म्हणून वर्ग ठरवताना पहाटेचाच आकडा धरावा.

शेवटची ओळही महत्त्वाची. वरचे पाणी ३१ अंश आणि दीड मीटरवर २६, म्हणजे वरचा हलका थर खालच्या थरावर तरंगतो आहे आणि गाळाजवळ ऑक्सिजन पोहोचतच नाही. वळवाचा जोरदार पाऊस किंवा वारा आला की दोन्ही थर एकदम मिसळतात आणि एका रात्रीत मासे मरतात. गावात त्याचा दोष विषप्रयोगाला दिला जातो. अहवालात हा धोका आकड्यासह नोंदवावा.

सेंद्रिय प्रदूषणाचा पुरावा: बीओडी

तूट कुठून आली हे नुसत्या ऑक्सिजनवरून सिद्ध होत नाही. त्यासाठी त्याच जागेचा बीओडी, म्हणजे सेंद्रिय पदार्थ कुजवताना जिवाणू ठरावीक दिवसांत जितका ऑक्सिजन खातात तो आकडा, हवा. भारतात तो २७ अंशांना ३ दिवस ठेवून मोजतात (आयएस ३०२५, भाग ४४). पाणी हवेने संपृक्त करून, त्यात लिटरमागे फॉस्फेट बफर, मॅग्नेशियम सल्फेट, कॅल्शियम क्लोराइड आणि फेरिक क्लोराइडची प्रमाणित द्रावणे १-१ मिलि घालून विरल करण्याचे पाणी बनवायचे. नमुना पहाटेचा घ्यावा. दुपारचा अतिसंपृक्त नमुना घ्यावाच लागला तर तो आधी हलवून जादा ऑक्सिजन काढून टाकावा.

मध्यभागाच्या नमुन्याचे ६० मिलि घेऊन ३०० मिलिची बाटली भरली, म्हणजे प्रमाण ०.२. पहिल्या दिवशी ऑक्सिजन ७.३, तीन दिवसांनी ४.४. बीओडी = (७.३ − ४.४) ÷ ०.२ = १४.५ मिलिग्रॅम प्रतिलिटर. नाल्याच्या तोंडाचे १५ मिलि घेतले, प्रमाण ०.०५: (७.२ − ४.८) ÷ ०.०५ = ४८. ‘ब’ वर्गाची मर्यादा ३ आहे.

घट किमान २ मिलिग्रॅम असावी आणि शेवटी किमान १ मिलिग्रॅम उरावा, तरच वाचन ग्राह्य. ऑक्सिजन शून्यावर गेला तर बीओडी ‘इतक्यापेक्षा जास्त’ एवढेच सांगता येते. म्हणून अनोळखी पाण्याचे दोन-तीन प्रमाणांत नमुने लावावे. नुसत्या विरल करण्याच्या पाण्याची एक बाटलीही लावावी. तिच्यात ०.२ पेक्षा जास्त घट झाली तर ते पाणीच दूषित आहे आणि सगळा संच बाद. बाटल्या पूर्ण अंधारात हव्या. इनक्युबेटरमधला दिवा चालू राहिला तर शेवाळ ऑक्सिजन तयार करत बसते आणि बीओडी फसवा कमी येतो.

हिरव्या तळ्यात आणखी एक चाचणी करावी. मध्यभागाचे पाणी काचतंतूंच्या गाळणकागदातून गाळून त्याचा वेगळा बीओडी काढावा. उदाहरणात १२० मिलि गाळलेले पाणी घेतले, प्रमाण ०.४: (७.३ − ४.९) ÷ ०.४ = ६. म्हणजे १४.५ पैकी ८.५ गाळणीवर अडकलेल्या कणांचे, आणि हिरव्या पाण्यात त्यांत मोठा भाग शेवाळाचा असतो. सांडपाण्यातले गाळकणही त्यात असतात, म्हणून सगळे ८.५ शेवाळाच्या नावावर टाकू नयेत. तरी चित्र स्पष्ट होते. नाला थेट ऑक्सिजन खाणारा माल आणतोच, शिवाय त्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस शेवाळ वाढवतो आणि ते शेवाळ तळ्याच्या मध्यभागी दुसरा भार तयार करते.

अहवालात लिहिताना

निष्कर्षाचा परिच्छेद साधारण असा असावा: ‘पहाटे मध्यभागी विरघळलेला ऑक्सिजन २.९ मिग्रॅ/लि (२४°से, ५६० मीटर उंचीसाठी दुरुस्त संपृक्ततेच्या ३७%) आढळला. दुपारी तो ११.८ मिग्रॅ/लि (१७१%) होता. या काळात तापमानामुळे संपृक्ततेत ०.९ मिग्रॅ/लि घट अपेक्षित आहे, त्यामुळे दैनंदिन चढउतार तापमानाने स्पष्ट होत नाही. नाल्याच्या तोंडापाशी पहाटेचा ऑक्सिजन सर्वांत कमी आणि बीओडी सर्वांत जास्त (४८ मिग्रॅ/लि) असल्याने सेंद्रिय भाराचा मुख्य मार्ग नाला असावा.’ ‘असावा’ हा शब्द जाणूनबुजून ठेवला आहे. दोन जागांच्या एका दिवसाच्या आकड्यांवर त्याहून ठाम बोलता येत नाही. नाल्याच्या वरच्या अंगाचा नमुना जोडला तर बोलता येईल.

पद्धतीच्या भागात वेळ, खोली, ढग, वारा, आदल्या तीन दिवसांतला पाऊस आणि हायपोची तपासलेली तीव्रता लिहा. ढगाळ दिवसाचा दुपारचा आकडा स्वच्छ उन्हाच्या दिवसाशी ताडता येत नाही. पाणी पिण्यायोग्य आहे की नाही यावर मात्र या आकड्यांवरून एक ओळही लिहू नका. रोगजंतू, जड धातू किंवा कीटकनाशके यांतले काहीही ऑक्सिजन आणि बीओडी सांगत नाहीत.

नाला वळवण्याची शिफारस करत असाल तर पुढच्या पाहणीत काय बघायचे तेही लिहून ठेवा. सुधारणा झाली की पहाटेचा आकडा वर येईल आणि शेवाळ कमी झाल्याने दुपारचा आकडा ११.८ वरून खाली, संपृक्ततेच्या जवळ उतरेल. फक्त दुपारी मोजणाऱ्याला पाणी बिघडले असे वाटेल. गाळात साठलेला फॉस्फरस पाण्यात सुटत राहतो, म्हणून पहिल्या उन्हाळ्यात फारसा फरक दिसला नाही तरी त्याच जागा, त्याच वेळा आणि तीच खोली ठेवून मोजणी पुढच्या वर्षीही चालू ठेवावी लागते.